एकच पोस्टर चार ठिकाणी: ठाण्यातल्या एका बालनाट्य शिबिराची गोष्ट

पार्श्वभूमी

ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला एक लहानशी नाट्यसंस्था आहे. सर आणि ताई, नवराबायको मिळून चालवतात. दर मे महिन्यात आठ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी त्यांचं बारा दिवसांचं शिबिर असतं. जागा ३०, फी साडेतीन हजार, शेवटच्या दिवशी पालकांसमोर अर्ध्या तासाचा प्रयोग. लहानपणी मीही तिथे दोन उन्हाळे काढलेत. आता मी दोन दवाखाने आणि एका कपड्यांच्या दुकानाची सोशल मीडियाची पानं सांभाळते, म्हणून ताईंनी मला बोलावलं.

ती एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याची सुरुवात होती. शिबिर ५ ते १६ मे. प्रवेश झाले होते नऊ, आणि त्यातले सात आधीच्या वर्षीच्याच मुलांचे. ताई म्हणाल्या, "अगं, आम्ही सगळीकडे टाकलंय. व्हॉट्सअॅप, फेसबुक, इन्स्टा, गुगल. तरी फोन येतो तो एकच, 'शिबिर कधी आहे?' अरे, लिहिलंय ना पोस्टरवर!"

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. पोस्ट पोचतच नसती तर फोन आलेच नसते. फोन येत होते, म्हणजे लोक पाहत होते. पाहूनही त्यांना तारीख कळत नव्हती.

अडचण

ताईंच्या भाच्याने ए-फोर आकाराचं पोस्टर केलं होतं. छापून किराणा दुकानात आणि सोसायटीच्या फलकावर लावायला ते छान होतं. वरच्या पट्टीत संस्थेचं नाव, मध्ये मुखवट्यांचं चित्र आणि मजकूर, अगदी खालच्या पट्टीत तारखा आणि फोन नंबर. तेच चित्र आणि त्याखाली तोच मजकूर चारही ठिकाणी चिकटवलेला. मी प्रत्येक ठिकाणी ताईंच्या नव्हे, माझ्या फोनवरून जाऊन पाहिलं. आपल्या खात्यावरून आपली पोस्ट पाहिली की आपल्याला पाठ असलेलंच दिसतं.

इन्स्टाग्रामवर खालची पट्टी गायब होती. याला साधं गणित आहे. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ उंच. तिथे उभं चित्र टाकायचं नेहमीचं प्रमाण चारास पाच, म्हणजे २१ रुंदीला सव्वासव्वीस उंची. उरलेले साडेतीन सेंटिमीटर वरून आणि खालून सारखे कापले जातात, दोन्हीकडे जवळजवळ पावणेदोन. वरच्या पावणेदोनमध्ये संस्थेचं नाव होतं, खालच्यात तारखा आणि नंबर. तीनास चार हे थोडं जास्त उंच प्रमाण घेतलं तरी ए-फोर त्याच्याही बाहेर जातोच. भाच्याला हे एकदा लक्षात आलं होतं. त्याने पोस्टरच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या जोडून अख्खं चित्र बसवलं. कापणं थांबलं, पण अक्षरं आणखी बारीक झाली.

बारीक होण्याचंही गणित आहे आणि ते लोक विसरतात. फोनची स्क्रीन साधारण सात सेंटिमीटर रुंद. २१ सेंटिमीटरचं पोस्टर तिच्यावर आलं की सगळं तिसऱ्या हिश्श्यावर येतं. कागदावर बारा पॉइंटात छापलेली ओळ फोनवर चार पॉइंटाची होते, औषधाच्या पाकिटावरच्या सूचनेसारखी. ज्या आजीआजोबांच्या भरवशावर नातवंडांची शिबिरं ठरतात, त्यांना ती वाचता येणार नव्हतीच.

व्हॉट्सअॅपवर चित्र पूर्ण होतं, पण गप्पांमध्ये उंच चित्राचा मधला भागच आधी दिसतो. पूर्ण पाहायला त्यावर बोट ठेवावं लागतं. शिवाय तिथे फोटो पाठवताना फाइल दाबून लहान केली जाते. बऱ्याच जणांनी डेटा वाचवायला आपोआप डाउनलोड बंद ठेवलेलं असतं, त्यांना दिसतो धुरकट चौकोन आणि एक बाण. दिवसाला शंभर मेसेज पडणाऱ्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या बाणावर बोट कोण ठेवतो?

मजकुराची गंमत वेगळीच. तो असा सुरू होत होता:

> \*सालाबादप्रमाणे यंदाही\* आमच्या संस्थेच्या वतीने बालगोपाळांच्या सुप्त कलागुणांना वाव मिळावा या उदात्त हेतूने \*भव्य बालनाट्य प्रशिक्षण शिबिराचे\* आयोजन करण्यात येत आहे. अधिक माहितीसाठी लिंक बायोमध्ये.

शब्दांच्या दोन्ही बाजूंच्या फुल्या व्हॉट्सअॅपवर अक्षर ठळक करतात. फेसबुक आणि इन्स्टावर त्या फुल्या तशाच दिसत होत्या. "लिंक बायोमध्ये" हे इन्स्टापुरतं ठीक, कारण तिथे पोस्टखालच्या मजकुरातली लिंक दाबता येत नाही, म्हणून ती खात्याच्या ओळखीच्या ओळींत, म्हणजे बायोत, ठेवतात. पण तेच वाक्य सोसायटीच्या ग्रुपवर गेल्यावर एका काकांनी विचारलं होतं, "बायो म्हणजे कोण? त्यांचा नंबर द्या." ताईंना तो विनोद वाटला. मला वाटतं काकांनी आख्ख्या प्रकरणाचं निदान एका ओळीत केलं होतं.

इन्स्टावर मजकुराच्या पहिल्या एकदोन ओळीच दिसतात, पुढचं वाचायला दाबावं लागतं. "सालाबादप्रमाणे"पासून "उदात्त हेतूने"पर्यंतच त्या संपत होत्या. कशाचं, कुठे, कधी, काही नाही.

आणि गुगल मॅपच्या पानावरची पोस्ट तर नव्हतीच. भाच्याने टाकली होती, पण ती नामंजूर झाली होती आणि तिकडे कुणी परत पाहिलं नव्हतं. मजकुरात फोन नंबर होता. गुगलच्या व्यवसाय पानावर नंबर आधीच वेगळा नोंदवलेला असतो, आणि पोस्टच्या मजकुरात नंबर घालणं त्यांच्या नियमात बसत नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरांचा होता: तीच पोस्ट पैसे भरून जास्त लोकांना दाखवायची. पाच हजार घालू म्हणाले. मी नको म्हटलं. तारीख न दिसणारं पोस्टर आणखी दहा हजार लोकांना दाखवून "शिबिर कधी आहे" हेच फोन वाढले असते.

दुसरा, डिझायनरकडून प्रत्येक ठिकाणासाठी वेगळं काम करून घ्यायचं. पैसे होते, वेळ नव्हता. आणि बाहेरच्या माणसाने लिहिलेला मजकूर सरांच्या तोंडी बसवणं सोपं नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

तिसरा, दोन ठिकाणं बंद करायची आणि दोनच नीट करायची. याकडे माझा कल होता. खरं सांगायचं तर मी इन्स्टा सोडून द्यायला निघाले होते. पण ताई म्हणाल्या की नवीन पालक, म्हणजे घोडबंदर रोडकडे राहायला आलेली तिशीतली मंडळी, फोन करण्याआधी इन्स्टावर जाऊन संस्था खरी आहे का ते बघतात. ते पटलं. मग ठरलं की चारही ठेवू, पण माहितीचा साठा एक आणि त्याचे आकार चार. रोज पोस्ट टाकायची नाही. प्रत्येक ठिकाणी तीन आठवड्यांत तीन-चारच, पण त्या जागेच्या.

काय केलं

सुरुवात चित्रांपासून नाही, एका कागदापासून केली. तारखा, वेळ, जागा, वय, फी, नंबर, शेवटच्या प्रयोगाचा दिवस, सगळं एका पानावर. पुढे जे काही लिहायचं ते या पानावरूनच, असं ठरवलं.

मग फोटो. ताईंच्या फोनमध्ये आदल्या वर्षीचे दोनेकशे होते. त्यातले सहा निवडले, त्यांत मिळून अकरा मुलं होती. त्यांच्या पालकांना एकेकाला विचारलं, आणि नुसतं "फोटो वापरू का" असं नाही, तर कुठला फोटो, कुठे लावणार आणि मुलाचं नाव घालणार नाही, हे सांगून. नऊ जणांनी हो म्हटलं, एकाने नाही, एकाचं उत्तरच आलं नाही. उत्तर न येणं म्हणजे नाही, असं धरलं. त्यामुळे सगळ्यात सुंदर फोटो, रंगमंचावरचा, हातातून गेला. सर हळहळले, पण इथे घासाघीस करायची नसते.

व्हॉट्सअॅपसाठी चित्राला दुय्यम केलं. सगळी कामाची माहिती मजकुरात आणली, कारण मजकूर डाउनलोड न करता दिसतो, त्यातला नंबर दाबून फोन लावता येतो आणि महिन्याने शोधला तरी सापडतो. सोबतचा फोटो चौकोनी, १०८० बाय १०८०, त्यावर तीनच शब्द: "बालनाट्य शिबिर, नौपाडा". मेसेज असा झाला, शेवटी ताईंचा नंबर:

> नमस्कार, मी नाट्यशिबिरवाली ताई.
> *८ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी नाटकाचं शिबिर*
> ५ ते १६ मे (रविवारसह), सकाळी १० ते १, नौपाडा
> फी ३,५०० रु. एकूण ३० जागा, त्यातल्या ९ भरल्या आहेत.
> आधी येऊन बघायचं असेल तर रविवारी सकाळी ११ ते १ मी हॉलवर आहे.

पहिल्या ओळीवर बरीच चर्चा झाली. सरांना संस्थेचं नाव आधी हवं होतं. पण सोसायटीच्या ग्रुपवर संस्थेच्या नावाने आलेलं काहीही जाहिरात समजून न वाचताच सोडलं जातं, माणसाच्या नावाने आलेलं वाचलं जातं. शिवाय प्रत्येक ग्रुपमध्ये तो मेसेज तिथल्याच एखाद्या पालकाने टाकायचा, ताईंनी नाही, असं ठरवलं. त्या पालकाने वर आपली एक ओळ लिहायची, जशी सुचेल तशी. एका आईने लिहिलं, "आमचा ओम गेल्या वर्षी गेला होता, तेव्हापासून फोनवर मोठ्यांशी नीट बोलतो." असली ओळ मला आयुष्यात सुचली नसती.

फेसबुकवर वाचणारे वेगळे होते: सरांचे जुने विद्यार्थी, आता चाळिशीतले, आणि आजीआजोबा. इथे आडवा, सगळ्यांचा मिळून काढलेला फोटो घेतला. मजकूर सरांनीच सांगितला आणि मी टिपला: पहिल्या शिबिरात अकरा मुलं कशी होती, पडद्याची दोरी तुटली तेव्हा दोन मुलांनी प्रयोगभर पडदा हाताने कसा धरून ठेवला. तीनशे शब्द झाले. इन्स्टावर हे कुणी वाचलं नसतं. फेसबुकवर त्याखाली पडदा धरणाऱ्या दोघांपैकी एकाने लिहिलं, "हात अजून दुखतोय सर." तिथून ती पोस्ट फिरली. लिंक मजकुरातच दिली, कारण तिथे ती दाबता येते. आणि इन्स्टावरून फेसबुकवर आपोआप पोस्ट जाण्याची सोय चालू होती, ती पहिल्याच दिवशी बंद केली. "लिंक बायोमध्ये" तिथे पोचलं होतं ते त्याच वाटेने.

इन्स्टासाठी एकच मुलगी, अर्धा मुखवटा वर सरकवलेला, १०८० बाय १३५०. चित्रावर अक्षर नाही. मजकुराची पहिली ओळ: "ठाण्यात मुलांसाठी नाटकाचं शिबिर, ५ ते १६ मे." बाकी खाली. इथे माझी चूक झाली. मी पहिल्या खेपेला लिहिलं होतं, "तुमच्या लिटल स्टारला स्टेजवर शाइन करू द्या!" सरांनी वाचलं आणि शांतपणे विचारलं, "हे आपल्यात कोण बोलतं?" कुणीच नाही. प्रत्येक जागेचा सूर वेगळा हवा हे खरं, पण वेगळा म्हणजे दुसऱ्याच माणसाचा नव्हे. एकच माणूस घरात, कट्ट्यावर आणि लग्नाच्या हॉलमध्ये वेगळं बोलतो, तेवढाच फरक. मी ते काढून सरांचंच एक वाक्य घातलं: "पाठांतर नाही. आधी ऐकायला शिकवतो."

स्टोरीतही चुकले. १०८० बाय १९२०चं चित्र नीट केलं, पण "प्रवेश सुरू" हे शब्द अगदी तळाला ठेवले. तिथे उत्तर द्यायची पट्टी येते, तिने ते झाकले. वरून साधारण २५० आणि खालून ३४० पिक्सेल मोकळे सोडायचे, हे मी दुसऱ्यांना सांगत असते.

गुगलवर मजकूर सर्वात कोरडा ठेवला. तिथे आलेला माणूस आधीच शिबिर शोधतोय, त्याला मोहवायचं नाही, माहिती द्यायची आहे. पोस्ट "कार्यक्रम" या प्रकारात टाकली, म्हणजे सुरुवातीची आणि शेवटची तारीख वेगळी दिसते. फोटो आडवा, चारास तीन, हॉलच्या दाराचा, म्हणजे पत्ता शोधत येणाऱ्याला ओळखता येईल. नंबर मजकुरात नाही. या वेळी ती मंजूर झाली.

शेवटचं काम छोटं होतं आणि सर्वात उपयोगी ठरलं. चौकशी कुठून आली हे कळायला व्हॉट्सअॅपच्या तीन लिंक केल्या. दाबलं की ताईंच्या नंबरवर आधीच लिहिलेला शब्द घेऊन गप्पा उघडतात:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Shibir-WA
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Shibir-FB
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Shibir-Insta
```

पालकाने नुसतं पाठवा दाबायचं. ताईंना कळतं, हा फेसबुकचा. थेट फोन करणाऱ्यांना "कुठे कळलं?" एवढं विचारायचं आणि वहीत लिहायचं.

निकाल

शिबिर २७ मुलांवर सुरू झालं. नव्या अठरांपैकी आठ व्हॉट्सअॅपवरून, चार फेसबुकवरून, तीन गुगलवरून आणि एक इन्स्टावरून. उरलेल्या दोघांबद्दल पुढे सांगते. "शिबिर कधी आहे" हे फोन जवळजवळ थांबले. त्याऐवजी "सातच वर्षांची आहे, चालेल का?" असे येऊ लागले, आणि ते ताईंना आवडतात.

हे सगळं आकारांच्या आणि मजकुराच्या बदलाने झालं असं मी म्हणणार नाही. एप्रिलच्या मध्यापासून शाळांच्या परीक्षा संपत येतात आणि पालक तेव्हाच शिबिरं शोधू लागतात. काही प्रवेश तसेही आले असते. इन्स्टावर सर्वात जास्त लाइक पडले आणि प्रवेश एकच आला. पण फेसबुकवरून आलेल्या दोघींनी सांगितलं की नक्की करण्याआधी इन्स्टाचं पान पाहिलं होतं. वहीत त्यांच्यापुढे "फेसबुक" लिहिलंय. तेव्हा ही मोजणी दार कुठलं उघडलं ते सांगते, वाटेत कुठल्या खिडकीतून डोकावले ते नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात मोठा घोळ शिबिराच्या चार दिवस आधी झाला. हॉलवाल्यांनी वेळ बदलली, दहाऐवजी साडेनऊ. एकच पोस्ट सगळीकडे असती तर एकच दुरुस्त करून पुन्हा चिकटवली असती. आता आमच्याकडे वेगवेगळ्या तेरा गोष्टी होत्या. फेसबुक, इन्स्टा आणि गुगलवरचा मजकूर बदलता आला. पण व्हॉट्सअॅपवर मेसेज पाठवल्यापासून पंधरा मिनिटांतच दुरुस्त करता येतो, आणि आमचा तर पालकांच्या हातून किती ग्रुपांत गेला होता, देव जाणे. शिवाय एका स्टोरीच्या चित्रावर मी वेळ लिहून बसले होते आणि ती एका पालकाने स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवली होती. पहिल्या दिवशी तीन मुलं दहाला आली. सरांनी त्यांना उशिरा आलेले प्रेक्षक म्हणून खेळात घेतलं, पण ते सरांचं कसब, माझं नियोजन नव्हे.

पुन्हा करायचं झालं तर चित्रावर वेळ कधीच लिहिणार नाही, फार तर महिना. व्हॉट्सअॅपच्या मेसेजात "वेळ प्रवेशाच्या वेळी कळेल" एवढंच. आणि माहितीच्या त्या पहिल्या पानाच्या मागे कुठे, कधी, काय टाकलं याची यादी पहिल्या दिवसापासून ठेवेन. आम्ही ती वेळ बदलल्यावर आठवून आठवून केली, आणि दोन जागा सुटल्याच.

गुगलपासून सुरुवात करायला हवी होती. तिथली पोस्ट मंजूर व्हायला वेळ जाऊ शकतो, नामंजूर झाली तर पुन्हा करावी लागते, आणि तिथून आलेले तिन्ही प्रवेश पोस्ट दिसू लागल्यानंतरच्या पाच दिवसांतले आहेत. आम्ही ती सर्वात शेवटी केली, कारण ती सर्वात कंटाळवाणी होती.

राहिलेले दोन प्रवेश. एक मुलगा आणि त्याची मावसबहीण. त्यांच्या आजी घंटाळीच्या बाजूच्या किराणा दुकानात डाळ घ्यायला गेल्या होत्या. तिथे काउंटरमागे भाच्याचं ए-फोर पोस्टर लावलेलं होतं, पूर्ण, न कापलेलं. तारीख आणि नंबर त्यांनी पिशवीवर लिहून घेतला.